पहाटेची साखर आणि रात्रीची गोळी

सातारा

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

मागच्या वेळी रिपोर्ट बघून तू "शुगर झकास" म्हणालास. तीच आता पहाटे फार खाली जातेय. दवाखान्यात तुझ्यासमोर बसलो की गावाकडच्या गप्पाच जास्त होतात, म्हणून लिहूनच पाठवतोय.

साडेतीन-चारला जाग येते ती घामाने. बनियन पिळून काढावा इतका ओला, हात थरथरतात, सांगायचं एक नि तोंडातून भलतंच येतं. छातीत धडधड मात्र नाही. बीपीच्या मेटोप्रोलॉलने ती दबत असणार. परवा ग्लुकोमीटरवर ५४ आले. हिने लगेच साखर घालून चहा दिला, पंधरा मिनिटांनी परत टोचलं तर ५६! शेजारचा केमिस्ट म्हणाला, "काका, तुमच्या गोळीत व्होग्लिबोज आहे, त्याने साध्या साखरेचं पचन लांबतं. ग्लुकोज पावडर घ्या." तीन चमचे पाण्यातून घेतली तेव्हा कुठे आकडा सत्तरच्या वर गेला. मग अर्धी पोळी खाल्ली. आता डबा उशाशीच असतो.

गंमत म्हणजे त्याच दिवशी सकाळी सातला साखर १४८. पहाटेचं ग्लुकोज आणि पोळी त्यात धरलेली. नुसता तो आकडा बघितलास तर तू गोळी वाढवशील, म्हणून मुद्दाम सांगतोय.

गोळी तीच, पण माणूस बदललाय. वजन उतरलं. सुनेच्या ड्युटीमुळे जेवण आता सातलाच उरकतं, तेही एक भाकरी नि भाजी. त्यावर ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम रात्रभर काम करतं आणि पोटात काही नसतं. शिवाय क्रिएटिनिन १.२ वरून १.६ वर गेलंय. किडनी मंदावली की हे औषध अंगात जास्त वेळ राहतं ना? तसं असेल तर मेटफॉर्मिनचा डोसही बघावा लागेल. एचबीए१सी ६.१ आहे, बहात्तरीच्या माणसाला सातच्या पुढे थोडं गेलं तरी चालतं, हे तुझंच म्हणणं.

गोळी अर्धी करावी म्हटलं, तर ती तिन्ही औषधांची एकत्र, त्यात मेटफॉर्मिन एसआर. ती तोडायची नाही असं पाकिटावरच छापलंय. त्यामुळे मनाने काही केलेलं नाही. रात्रीचं ग्लिमेपिराइड बंद करायचं की कमी, की तिन्ही औषधं वेगळी करून द्यायची, ते तू ठरव.

वहीतल्या नोंदींचे फोटो नि किडनीचा रिपोर्ट मोबाइलवर पाठवलाय. पहाटे तीनच्या नोंदींवर लाल खूण आहे. आज रात्रीची गोळी घ्यायची की नाही, तेवढं संध्याकाळी सहाच्या आत कळव. सातला पान वाढलेलं असतं.

तुझा,
दत्ता