पंधराची मेथी आणि दुपारचं ऊन : पणनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पणनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्षेत्रभेटीच्या अहवालासाठी आम्ही चौघींनी लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार निवडला. मार्केट यार्डातल्या पहाटेच्या सौद्यात मेथी शेकडा 800 रुपयांनी गेली, म्हणजे पेंढी 8 रुपयांना. तीच पेंढी सकाळी बाजारात 15 ला. आम्ही वहीत लिहून टाकलं, 'नफा 7 रुपये'.

ज्या मावशींकडे हा दर टिपला, त्या वही बघून म्हणाल्या, "पोरी, पंधरानं सुरू केलं म्हंजे पंधरानंच संपतंय व्हय? सांजपतोर बस माझ्याजवळ."

बसले. शंभर पेंढ्यांचे 800, अडत-हमाली 60, टेम्पो 70, बाजारपावती 20, असे 950 रुपये त्यांनी सकाळीच घातले होते. भाजीपाला 2016 साली नियमनमुक्त झाला तेव्हा अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. निर्णय योग्यच होता, पण इथं खरेदीदार म्हणजे या मावशी.

दहापर्यंत 15 नं 42 पेंढ्या खपल्या. मग ऊन चढलं. मावशी ओलं गोणपाट झाकत होत्या, पण पाण्याची कळशी लांबून आणावी लागत होती आणि तेवढ्यात वरची पानं मान टाकत होती. गिऱ्हाईक पेंढी उचलून देठ बघायचं आणि खाली ठेवायचं. दर 10 वर आला, एकपर्यंत 30 गेल्या. बाजार उठताना 5 नं 16. उरलेल्या 12 पिवळ्या पडल्या, त्या गुरांना. एकूण आले 1010. दिवसभराच्या बैठकीचे 60 रुपये, पेंढीमागे 60 पैसे. त्यांची मजुरी मी यात धरलेलीच नाही.

सौद्यातही तेच पाहिलं होतं. मेथी आदल्या संध्याकाळी काढलेली, परत नेऊन करायचं काय? आवक जास्त दिसली की शेतकरी मिळेल त्या दराला मान हलवतो. पहाटे तो अडलेला असतो, दुपारी मावशी.

म्हणून मागणं एवढंच. बाजाराची जागा स्थानिक संस्थेची असते हे मला माहीत आहे, तरी पालेभाजीच्या रांगेवर सावलीची जाळी आणि रांगेच्या टोकाला पाण्याचा नळ, यासाठी आपल्या खात्यानं पुढाकार घ्यावा. शेवटच्या 58 पेंढ्यांतल्या निम्म्या जरी 15 ला गेल्या असत्या, तरी मावशींना पुढच्या सौद्यात 9 ची बोली लावायची हिंमत झाली असती. आणि किरकोळ दर नोंदवणाऱ्यांना सांगावं, सकाळचा एकच आकडा घेऊन जाऊ नका. दुपारी एकचा आणि बाजार उठतानाचाही घ्या, आणि फेकलेला माल मोजा.

आमच्या अहवालातला 'नफा 7 रुपये' हा रकाना मी खोडला आहे.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी, कोल्हापूर