तक्ता गायब, उत्तर हजर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत गेल्या आठवड्यात अर्थशास्त्राचे एक सोडवलेले उदाहरण आले होते : ‘पुढील तक्त्यावरून खर्च पद्धतीने राष्ट्रीय उत्पन्न काढा.’ तक्त्याच्या जागी मात्र कोरी चौकट होती. तक्ता चित्र म्हणून लावला असावा आणि पान छपाईला जाताना ते चित्र गळाले असावे. खाली उत्तराची ही एक ओळ तेवढी वाचली :

६०० + १५० + २०० + १० − ३० − ४० − ६० − १० = ८२०

बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, मी पडताळली. पण कोणता आकडा कशाचा, हे कळल्याशिवाय ८२० बरोबर की चूक हे सांगता येत नाही. माझ्या वर्गातली मुले ही ओळ वहीत उतरवून आली आणि हरवलेला तक्ता आपणच उभा करू म्हणाली.

सुरुवात सोपी गेली. ६०० हा कुटुंबांचा अंतिम उपभोग खर्च, १५० शासनाचा, २०० भांडवल निर्मिती, १० साठ्यातील वाढ आणि उणे ३० म्हणजे निव्वळ निर्यात. इथवर बाजारभावाने स्थूल देशांतर्गत उत्पादन ९३० येते. त्यातून ४० घसारा आणि ६० निव्वळ अप्रत्यक्ष कर वजा केले, की घटक खर्चानुसार निव्वळ देशांतर्गत उत्पादन ८३० उरते. शेवटचे उणे १० म्हणजे परदेशाशी असलेल्या घटक उत्पन्नातला फरक : आपल्याला जितके आले त्यापेक्षा १० जास्त बाहेर गेले.

अडचण आली ती २०० पाशी. त्या ओळीवर ‘स्थूल स्थिर भांडवल निर्मिती’ लिहिले असेल, तर साठ्यातील १० वेगळे मिळवणे योग्य आणि उत्तर ८२० खरे. पण ‘स्थूल देशांतर्गत भांडवल निर्मिती’ असेल, तर साठ्यातील बदल त्या २०० मध्येच आलेला असतो. मग १० दोनदा मोजले जातात आणि खरे उत्तर ८१० होते. आणि ‘निव्वळ देशांतर्गत भांडवल निर्मिती’ असेल, तर घसारा आधीच वजा झालेला आहे. ४० पुन्हा काढायचे नाहीत, १० पुन्हा मिळवायचे नाहीत, म्हणजे उत्तर ८५०. आकडे तेच, फरक फक्त ‘स्थिर’, ‘स्थूल’ आणि ‘निव्वळ’ या शब्दांचा. मुले परीक्षेत याच शब्दांवरून घाईने पुढे सरकतात.

उणे ३० वरून वाद जास्त रंगला. एकीचे म्हणणे, आयात देशाच्या उत्पन्नाला मारक, म्हणून ती वजा करतात. हा समज मोठ्या माणसांच्या लिखाणातही सर्रास दिसतो. खरे कारण साधे आहे. एखाद्या कुटुंबाने ३० चे परदेशी यंत्र घेतले, तर ते ३० उपभोग खर्चाच्या ६०० मध्ये येऊन बसतात. ती वस्तू इथे तयार झालेली नाही, म्हणून तेच ३० आयातीच्या ओळीत वजा होतात. एकीकडे चढले, दुसरीकडे उतरले, देशांतर्गत उत्पादन आहे तेवढेच राहिले. वजाबाकी केवळ नको तिथे मोजलेली रक्कम बाहेर काढते. चिन्हाची चूकही इथेच होते : तक्त्यात ‘निव्वळ आयात ३०’ असेल तर ३० वजा करायचे, ‘निव्वळ निर्यात (−३०)’ असेल तर चिन्हासकट मिळवायचे. दोन्हींत परिणाम एकच. पण ‘निव्वळ निर्यात (−३०)’ वाचून सवयीने वजा केले, की उणे-उणे अधिक होते आणि उत्तर ६० ने फुगते. शेवटच्या १० ची गत तीच. ‘परदेशातून’ की ‘परदेशाला’, हे एका प्रत्ययावर ठरते.

एक गोष्ट मात्र आम्हाला कोणत्याही युक्तीने परत मिळवता आली नाही. अशा तक्त्यांत चकवा म्हणून निवृत्तिवेतन, जुन्या वस्तूंची खरेदी, शेअर खरेदी अशा ओळी घालतात आणि त्या उत्तरात घ्यायच्या नसतात. वापरलेले आकडे उत्तराच्या ओळीत सापडतात, सोडून दिलेले सापडत नाहीत. उदाहरणाचा निम्मा अभ्यास त्या सोडण्यातच असतो.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या अंकात तो तक्ता चित्राऐवजी मजकूर म्हणून, प्रत्येक घटकाच्या पूर्ण नावासह छापावा. तेवढी जागा नसेल, तर निदान २०० समोर काय लिहिले होते ते एका ओळीत कळवावे. आमच्या वहीत सध्या ८१०, ८२० आणि ८५० अशी तीन उत्तरे आहेत आणि तिन्हींचे पक्षकार वर्गात भांडत आहेत.

आपला,
अर्थशास्त्राचा एक शिक्षक