सूचना : आंब्याची पेटी घेताना

सभासदांनो, आंबा पिवळाधमक दिसला म्हणून तो कार्बाइडने पिकवलेलाच, असं नसतं. इथिलीन वायूने पिकवलेलाही एकसारखा पिवळा होतो. त्याला परवानगी आहे, कारण फळ स्वतःही तोच वायू तयार करतं. कॅल्शियम कार्बाइडवर मात्र बंदी आहे. ओलावा लागला की त्यातून अॅसिटिलीन निघतो आणि साल रंगते. पण बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असतात, खरा धोका त्यांचा.

म्हणून आधी पेटीचा तळ बघा. करड्या खड्यांची पुडी, राखाडी भुकटी किंवा लसणासारखा उग्र वास असेल तर पेटी परत करा. देठाशी सुगंध नाही, कापल्यावर कोयीजवळ पांढरट, आंबट गर, हा फार तर संशय. कोवळा उतरवलेला आंबाही असाच निघतो. पाण्यात तरंगण्याची परीक्षा कार्बाइड ओळखत नाही. आंबे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि साल चोखू नका.

तसंच, सफरचंदावरचं मेण नखाने खरवडून ते घातक असल्याचं सांगणारे व्हिडिओ फिरवू नका. मधमाश्यांचं, कार्नोबा किंवा लाखेचं मेण खाण्यायोग्य असतं, न पचता बाहेर पडतं.