ईदची तारीख हा ‘गोंधळ’ नव्हे

महोदय,

ईदची तारीख आदल्या संध्याकाळपर्यंत ठरत नाही, याला ‘गोंधळ’ म्हणणारे आपल्या दैनिकातील स्फुट वाचले. तो शब्द मला पटला नाही. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो आणि तो २९ किंवा ३० दिवसांचाच असतो. शाबान महिन्याच्या २९ तारखेला सूर्यास्तानंतर पश्चिम क्षितिजावर कोर दिसली, तर त्याच संध्याकाळी रमजान लागतो, कारण हिजरी दिवस सूर्यास्ताला बदलतो. न दिसल्यास शाबानचे ३० दिवस पूर्ण करतात. रमजानच्या २९ तारखेलाही हेच घडते आणि शव्वालची कोर ईद ठरवते. अमावास्येची वेळ गणिताने मिनिटापर्यंत सांगता येते हे खरे, परंतु काही तासांचीच कोर संधिप्रकाशात हरवते आणि सूर्यामागोमाग मावळते. ढग आले तर प्रश्नच मिटला. त्यामुळे दोन प्रदेशांत एका दिवसाचा फरक पडू शकतो.

रमजान ‘मागे सरकतो’ तो मात्र निव्वळ हिशेबाने. बारा चांद्रमास साधारण ३५४ दिवसांत संपतात, म्हणजे सौर वर्षाहून सुमारे ११ दिवस आधी. आपल्या पंचांगात ही तूट अधिक मासाने भरून निघते; हिजरी कालगणनेत असा जादा महिना घालणे कुराणानेच निषिद्ध ठरवले आहे. म्हणूनच २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या आरंभी आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.

– एक वाचक