हप्ता खर्चात धरणारी कथा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतली वडाप ड्रायव्हरची कथा वाचली. लेखनाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. फोनवर जमा झालेल्या पैशांची वर्षाची बेरीज पाहून त्याला फुटलेला घाम खरा आहे. ‘एवढ्या रकमेवर कर बसला तर गाडीच विकावी लागेल’ अशी त्याची समजूत होते, तीही खरी आहे. आमच्या स्टँडवर असे कितीतरी जण आहेत. उलाढाल वेगळी आणि ज्यावर कर बसतो तो नफा वेगळा, हे त्याला कळतं तो प्रसंगही चांगला उतरला आहे.

पण पुढच्याच परिच्छेदात कर सल्लागार वहीवर नफा काढून दाखवतो आणि तिथे कथा साफ चुकते. जमेतून डिझेल वजा, टायर वजा, विमा वजा, गाडीचा हप्ता वजा, उरला तो नफा. ड्रायव्हर समाधानाने चहा पितो आणि कथा संपते. महोदय, गाडीचा पूर्ण हप्ता खर्चात धरताच येत नाही. तुमच्या कथेतल्या सल्लागाराने केलं तेच आमच्या गावातल्या एका सल्लागाराने आमच्या बाबतीत प्रत्यक्षात केलं आणि त्यापायी आमची दुसरी गाडी घ्यायची राहिली. म्हणून हे पत्र.

माझे यजमान मालवण ते कुडाळ स्टेशन गाडी चालवतात. वही मी लिहिते. रोज रात्री गल्ला मोजायचा, फोनवरची जमा त्यात मिळवायची, डिझेलची पावती चिकटवायची, हे माझं काम. पहिली नवी गाडी घेतली ती मे महिन्यात, चाकरमान्यांच्या गर्दीत. नोंदणीसकट नऊ लाखांना पडली. दोन लाख आमचे, सात लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता महिना सुमारे १५,२०० रुपये, म्हणजे वर्षाला १,८२,६०० च्या आसपास. धंद्याचे आकडे सोयीसाठी गोळाबेरीज करून सांगते. वर्षाची जमा १०,५०,०००. डिझेल, ऑइल, टायर, दुरुस्ती, विमा, परमिट, पासिंग आणि गणपतीत ठेवलेल्या बदली ड्रायव्हरचा पगार मिळून ६,५०,०००. उरले ४,००,०००. इथपर्यंत तुमच्या कथेतला सल्लागार, आमचा सल्लागार आणि मी, सगळ्यांचं एकमत आहे.

आता हप्ता. त्या १,८२,६०० रुपयांत पहिल्या वर्षी व्याज सुमारे ७१,५०० असतं आणि उरलेले १,११,१०० हे मुद्दल. व्याज हा खर्च आहे, कारण ते पैसे वापरायला मिळाल्याबद्दलचं भाडं आहे. मुद्दल हा खर्च नाही. कर्ज मिळालं तेव्हा सात लाख आपण उत्पन्नात धरले नव्हते, मग परत करताना ते खर्चात कसे येतील? यजमानांना हे सांगितलं तेव्हा ते चिडले होते. ‘हप्तो मी भरतंय, तो खर्च नाय तर काय?’ त्यांचं चिडणं मला समजतं. पैसे तर खिशातून गेलेच ना.

पण मुद्दल खर्चात मिळत नाही म्हणून गाडीची किंमत वाया जात नाही. तिच्यासाठी घसारा आहे, म्हणजे गाडी झिजून दर वर्षी घटणाऱ्या किमतीची वजावट, आणि हा शब्द तुमच्या अख्ख्या कथेत एकदाही येत नाही. भाड्याने चालणाऱ्या प्रवासी गाडीला वर्षाला ३० टक्के घसारा मिळतो. स्वतःच्या कामासाठी वापरायच्या साध्या मोटारीला १५ टक्केच असतो. तो दर वर्षी उरलेल्या किमतीवर मोजायचा. पहिल्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच मिळतो. आमची मे महिन्यातली, म्हणून पूर्ण. नऊ लाखांवर ३० टक्के म्हणजे २,७०,०००. तेव्हा पहिल्या वर्षाचा खरा नफा असा: चार लाखांतून व्याज ७१,५०० वजा, घसारा २,७०,००० वजा, राहिले ५८,५००. तुमच्या कथेच्या पद्धतीने तोच नफा २,१७,४०० येतो.

वर्षं जातील तसं हे उलटतं, आणि ड्रायव्हर नेमका तिथेच फसतो. पाचव्या वर्षी हप्ता तोच, पण त्यात व्याज उरतं जेमतेम १०,४०० आणि मुद्दल १,७२,२००. घसाराही घटत घटत ६४,८०० वर आलेला असतो. जमा आणि बाकीचा खर्च तेवढाच धरला तर त्या वर्षीचा नफा ३,२४,८००. हातात मात्र दोन्ही वर्षी हप्ता भरून २,१७,४०० रुपयेच राहतात. पहिल्या वर्षी कागदावरचा नफा खिशातल्या पैशांपेक्षा कितीतरी कमी, पाचव्या वर्षी कितीतरी जास्त, आणि उलाढाल दोन्ही वेळा साडेदहा लाख. कथेला हा फरक शिकवायचा होता तर शिकवण्यासारखी गोष्ट ही होती. ज्याला हे ठाऊक नाही तो पाचव्या वर्षी ‘एवढा नफा आला कुठून’ म्हणून सल्लागाराशी भांडतो.

कोणी विचारेल, एवढी चिरफाड कशाला, नाहीतरी कर शून्यच येतो. खरं आहे. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि सवलत धरली तर १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरही तो शून्य होतो. आमचं नुकसान कर भरण्यात झालंच नाही, ते बँकेत झालं. दोन वर्षांनी आम्ही दुसऱ्या गाडीसाठी अर्ज केला. अधिकाऱ्यांनी विवरणपत्र मागितलं. त्यात सल्लागाराने नफा २,१७,४०० दाखवला होता. घसारा नव्हता, आणि व्याजाची वेगळी ओळही नव्हती, कारण सगळा हप्ता ‘गाडीचा खर्च’ म्हणून एकाच ओळीत घातलेला. कर्ज देणारा माणूस नफा बघतो, त्यात घसारा परत मिळवतो, कारण घसाऱ्याचे पैसे कोणाला द्यावे लागत नाहीत. व्याजही मिळवतो आणि मग चालू हप्ता वजा करतो. आमचा कागद नीट असता तर ५८,५०० अधिक २,७०,००० अधिक ७१,५००, म्हणजे बरोबर चार लाख दिसले असते, आणि त्यातून हप्ता जाऊन २,१७,४०० उरले असते. आमच्या कागदावर मिळवायला काहीच नव्हतं. त्यांनी २,१७,४०० मधून तोच हप्ता पुन्हा वजा केला. उरले ३४,८००. एवढ्यात घर चालत नाही, दुसऱ्या गाडीचा हप्ता कुठून भरणार, असं म्हणून अर्ज परत दिला.

त्यांनी वाचलं ते कागदावर होतं, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. मी वही पुढे केली. वही चालत नाही म्हणाले. पहिल्या वर्षाचं विवरणपत्र सुधारायची मुदत उलटून गेली होती. आणि घसारा त्या वर्षी मागितला नाही म्हणून पुढे मागता येईल, तर तसंही नाही. धंद्याच्या हिशेबात तो घेतला नसला तरी घेतला असं समजूनच गाडीची किंमत कमी धरतात. पहिल्या वर्षाचे २,७०,००० आमच्या कागदावर कायमचे गेले. सल्लागार म्हणाले, ‘सगळ्यांचं असंच करतो.’ तुमच्या कथेतलाही सल्लागार ‘सगळ्यांचं असंच असतं’ म्हणतो. ते वाक्य वाचून मी पुरवणी खाली ठेवली.

बहुतेक ड्रायव्हर एवढा हिशेब ठेवत नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी कायद्यात सोपी वाट आहे: रोख जमेच्या ८ टक्के आणि बँकेतून किंवा फोनवरून आलेल्या जमेच्या ६ टक्के किमान नफा दाखवायचा, मग वह्या ठेवायची सक्ती नाही. प्रवासी गाडीला ही वाट चालते. मालवाहू टेम्पोची वेगळी आहे, तिथे जमा न बघता गाडीमागे महिन्याला ठरावीक रक्कम धरतात. कथेत ड्रायव्हरचा टेम्पोवाला मित्र त्याला ‘माझ्यासारखंच भर’ म्हणतो, तेही म्हणून चूक. आणि साडेदहा लाखांवर ८ टक्के म्हणजे ८४,००० एवढाच नफा दाखवणाऱ्याने कर्ज मागायला गेल्यावर काय दिसेल याचा विचार आधी करावा, कारण घसारा, व्याज सगळं त्या टक्केवारीतच आलं असं धरतात. वेगळं काही मिळवून दाखवता येत नाही.

जाता जाता आणखी एक. कथेतला सल्लागार जास्त माणसं भरल्याबद्दलचा आरटीओचा दंडही खर्चात टाकतो. कायदा मोडल्याचा दंड खर्चात मिळत नाही.

आणि चित्राबद्दल. कथा सिंधुदुर्गातली, शेजारी चित्र छापलंत मुंबईच्या काळ्यापिवळ्या मीटर टॅक्सीचं. आमच्याकडे सीट भरली की गाडी सुटते, मीटर लागत नाही. चित्रकाराला एक फोन केला असता तर कुडाळ स्टेशनबाहेरची गाडी कशी दिसते हे कोणीही सांगितलं असतं. कोकणातली गोष्ट आली की नारळाचं झाड काढायचं आणि बाकी काहीही चालतं, हे आम्हाला लागतं.

माझी मागणी साधी आहे. येत्या रविवारी, त्याच पानावर, हप्त्यातलं व्याज तेवढंच खर्चात धरावं आणि गाडीच्या किमतीसाठी घसारा घ्यावा, अशी दुरुस्ती छापा. लेखकांनाही कळवा. ती कथा आमच्या स्टँडवर कालपासून हातोहात फिरते आहे आणि दोघांनी तिच्यातली वजाबाकी वहीत उतरवूनही घेतली आहे. विवरणपत्राची मुदत जवळ आली आहे, तेव्हा दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलू नका. मागच्या वर्षी एसटीच्या फेऱ्यांबद्दल लिहिलेलं माझं पत्र तुम्ही निम्मं कापलंत आणि वेळापत्रकच गाळलंत. या पत्रातले आकडे कापू नयेत ही विनंती.

आपली,
एक वाचक, मालवण