आईच्या नावातला शेवटचा ‘ई’

माननीय परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,

सादर नमस्कार.

माझ्या आईचं नाव जयश्री. देवनागरीत ते एकाच प्रकारे लिहितात, रोमनमध्ये मात्र तिची दोन नावं झाली आहेत. २०१५ च्या पासपोर्टवर JAYASHRI, आधार आणि पॅनवर JAYASHREE. दहा वर्षं कुणाचं काही अडलं नाही. मग मुदत संपत आली आणि नेमका घर बदलताना तो पासपोर्टच हरवला.

पोर्टलवर अर्ज मी भरला. पहिलाच प्रश्न नवीन पासपोर्ट हवा की Re-issue. हातात जुनं पुस्तक नाही, म्हणजे नवीनच, असं आईचं म्हणणं पडलं, आणि ते कुणालाही पटेल असंच आहे. पण एकदा पासपोर्ट मिळालेला माणूस ‘नवीन’ निवडतो तेव्हा तो जुना पासपोर्ट दडवतो, असा त्याचा अर्थ होतो. पासपोर्ट कायदा, १९६७ नुसार जाणूनबुजून माहिती दडवणं हा गुन्हा आहे. Re-issue घेतल्यावरही ‘मुदत संपली’ आणि ‘हरवला’ यांतलं ‘हरवला’च निवडायचं असतं, मुदत संपलेली असली तरी. एरवी पासपोर्ट सेवा केंद्रात जुनं पुस्तक दाखवून ते रद्द करून घेतात. इथे रद्द करायला पुस्तकच नाही, म्हणून पोलिसांचा अहवाल आणि Annexure F चं शपथपत्र लागतं. ३६ पानी पासपोर्टची फी १५०० ऐवजी ३००० रुपये होते. हे सगळं मी चार वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलं. फॉर्मच्या त्या ओळीशेजारी दोन वाक्यं असती, तर एक अख्खी संध्याकाळ वाचली असती.

जुना पासपोर्ट क्रमांक नशिबाने विम्याच्या फाइलीतल्या झेरॉक्सवर सापडला. तेवढ्यावर आम्ही निर्धास्त झालो आणि तिथेच चुकलो. पोलीस ठाण्यात आईने ओळखपत्र म्हणून आधार दिलं, लिहून घेणाऱ्याने त्यावरून JAYASHREE लिहिलं. नोटरीकडेही तेच झालं. केंद्रात ए काउंटरवर कागद स्कॅन झाले, फोटो निघाला, बोटांचे ठसे उमटले. बी काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी पोलिसांचा अहवाल आणि पडद्यावरची जुनी नोंद आळीपाळीने पाहिली आणि म्हणाले, “या क्रमांकाचा पासपोर्ट या नावाने दिलेलाच नाही.” ते खोटं बोलत नव्हते. हरवल्याची तक्रार JAYASHREE ची होती आणि हरवलेलं पुस्तक JAYASHRI चं.

परत पोलीस ठाणं, परत नोटरी, परत अपॉइंटमेंट. या वेळी दोन्ही कागदांवर आधी जुनं स्पेलिंग पासपोर्ट क्रमांकासह लिहून घेतलं आणि पुढे ‘उर्फ’ म्हणून आधारवरचं. हरवलेल्या वस्तूची तक्रार त्या वस्तूवरच्या नावानेच करायची, हे एकदा कळलं की साधं वाटतं. आम्हाला ते दुसऱ्या खेपेला कळलं.

फॉर्ममध्ये दोन प्रश्न शेजारीशेजारी आहेत: “Are you known by any other names (aliases)?” आणि “Have you ever changed your name?” माझ्या आईने दुसऱ्याला काय उत्तर द्यावं? तिने नाव कधीच बदललेलं नाही. बारशाला ठेवलेलंच नाव आहे, फक्त दोन कारकुनांनी ते दोन प्रकारे लिहिलं. ‘हो’ म्हटलं, तर नावबदलाची शपथपत्रं आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती डोळ्यांसमोर येतात. ‘नाही’ म्हटलं, तर नवं स्पेलिंग का, हा प्रश्न उभा राहतो. लग्नानंतर आडनाव बदलणं आणि i च्या जागी ee येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो फॉर्म भरणाऱ्याला तिथेच दिसायला हवा.

म्हणून मागणी अशी. ‘हरवला’ निवडल्यावर क्रमांक आणि जन्मतारीख घेऊन जुन्या नोंदीतलं नाव आहे तसं पडद्यावर दाखवा. आणि खाली एवढंच लिहा: पोलीस अहवाल व शपथपत्र या स्पेलिंगने करून आणा. नोंद तुमच्याकडे आहेच. बी काउंटरवरच्या अधिकाऱ्यांना ती दिसते, अर्जदारालाच दिसत नाही. त्यानंतर ‘केवळ स्पेलिंगमधला फरक’ असा वेगळा पर्याय ठेवा. श्री-shree, सुनीता-suneeta, विद्या-vidhya अशी उच्चार न बदलणारी रूपं त्यात बसतील, आणि त्यासाठी कोणते कागद पुरतात ते तिथेच लिहा. Annexure F चा नमुना मराठीतही द्या, कारण नोटरीसमोर सही करणाऱ्याला आपण काय लिहून देतोय हे वाचता आलं पाहिजे.

ज्याच्याकडे झेरॉक्सही नाही, त्याचा प्रश्न याहून अवघड आहे. त्याला क्रमांक कुठून मिळवायचा, हेही त्याच पडद्यावर सांगितलं जावं. आमची ती फाइल जुन्या घरातच राहिली असती, तर आज हे पत्र लिहायलाही मी मोकळी नसते.

आपली,
एका जयश्रीची मुलगी