संदीप, पैसे किती महिने पुरतील

खानापूर, 28 सप्टेंबर

प्रिय संदीप,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर सांगितलंस की नोकरी सुटली तरी सगळे मिळून 4,80,000 आहेत, महिन्याला 48,000 लागतात, म्हणजे दहा महिने काढता येतील. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण फोनवर सांगितलेले आकडे दुसऱ्या कानाने निघून जातात. पत्र राहतं. सोसायटीत एवढी वर्षं लोकांच्या पासबुकांवर सह्या केल्या, त्यामुळे सवयच अशी आहे की रक्कम ऐकली की पहिला प्रश्न येतो, ती कधी हातात येणार?

तुझे 4,80,000 पाच ठिकाणी आहेत. बचत खात्यात 90,000, बँकेच्या ठेवीत 1,50,000, पिग्मीत 40,000, सौहार्द सहकारी संस्थेच्या ठेवीत 1,20,000 आणि भिशीत 80,000. बेरीज बरोबर आहे, पण हे पाचही एका जातीचे पैसे नाहीत. बचत खात्यातले आजचे. बँकेची ठेव मोडली तर थोडं व्याज कापून दोन दिवसांत मिळेल, आणि बँक बुडालीच तर 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पिग्मी वर्षाच्या आत बंद केलीस की एजंटाचं कमिशन वजा होतं, म्हणून मी 38,000 धरले. हे झाले 2,78,000, आणि खरे हातातले पैसे एवढेच.

सौहार्दची ठेव फेब्रुवारीत पिकते. मुदतीआधी मागितली तर संस्थेच्या गल्ल्यात किती रोकड आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. सौहार्द किंवा पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखा विमा नाही, हे आपल्या भागात अर्ध्या लोकांना माहीत नसतं. तुझी संस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही. फेब्रुवारीत पैसे आले की आपले म्हणू, एवढंच.

भिशीबद्दल मात्र तुझं गणितच उलटं आहे. वीस जणांची, 5,000 ची भिशी. सोळा हप्ते भरलेस, अजून उचललेली नाहीस. म्हणजे आत्ता ती तुझ्यासाठी शिल्लक नाही, देणं आहे. ऑक्टोबर ते जानेवारी दर महिन्याला 5,000 जाणार आणि जानेवारीत लाख हातात येणार. तेही आधी उचलून बसलेले सगळे शेवटपर्यंत भरत राहिले तर. तुमच्या भिशीत लिलाव असेल तर घाट्यात आधी उचलता येईल, पण किती सोडावे लागतात ते विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस.

आता खर्च. तुझ्या 48,000 मध्ये (मी जमवले तर 48,200 आले) घराचा हप्ता 17,500, गाडीचा 3,200 आणि भिशी 5,000, म्हणजे 25,700 असे आहेत की ते तुला विचारून जात नाहीत. तारखेला खात्यातून आपोआप कापले जातात, किंवा माणूस दारात येतो. किराणा, दूध, भाजी 12,000, गॅस, मोबाइल, पाणी 2,500, पेट्रोल आणि ओवीची व्हॅन 3,500, औषधं 1,500. उरलेले 3,000 तू मला पाठवतोस. ते पुढच्या महिन्यापासून बंद कर. वाद घालू नकोस, माझी पेन्शन मला पुरते.

उद्यमबागला कंपनीत जाणं थांबलं म्हणजे पेट्रोलचे 1,500 वाचले. स्वातीच्या शिवणाचे किती येतात? दिवाळीत आणि लग्नसराईत 8,000, आषाढात 4,000, असं तीच म्हणाली होती. मग 4,000 च धर. अनियमित कमाई असेल तर सगळ्यात वाईट महिन्याचा आकडा घ्यायचा, सरासरी घ्यायची नाही. सरासरी वर्षाच्या शेवटी जमते आणि दूधवाला महिन्याच्या शेवटी येतो. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 मी धरलेलेच नाहीत, ते येतात तेव्हा येतात. वीज गृहज्योती योजनेत मोफत बसते म्हणून खर्चात घेतली नाही. पण तू आता दिवसभर घरी असणार, तेव्हा 200 युनिटांवर लक्ष ठेव. त्यापुढे गेलं की पूर्ण बिल येतं. एवढं करून महिन्याला निव्वळ 39,700 लागतात.

आता तू जे धरलंच नाहीस ते. वर्षातून एकदा येणारे खर्च तुझ्या महिन्याच्या आकड्यात दिसत नाहीत, कारण पगार असताना ते बोनसमधून किंवा ओव्हरटाइममधून परस्पर भागायचे. ओवीच्या शाळेचा दुसरा हप्ता 22,000, नोव्हेंबरात. तुझ्या आयुर्विम्याचे 14,000, डिसेंबरात. पुढच्या मे महिन्यात शाळेचे पुन्हा 30,000. आणि एक नवीनच, आरोग्य विमा. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपली. नवी घेतलीस तरी अपघात सोडला तर पहिले 30 दिवस बहुतेक आजारांचं काही मिळत नाही. म्हणून ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच घे. तिघांचे मी अंदाजे 18,000 धरलेत. जुन्या कंपनीच्या विमा कंपनीकडेच वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का, ते आधी विचार. मिळाली तर आधीच्या वर्षांचा फायदा राहतो.

शिवाय 25,000 मी बाजूला काढले आहेत, दवाखान्यासाठी. त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे सुरुवात 2,78,000 ने नाही, 2,53,000 ने.

हिशेब असा चालतो. ऑक्टोबरात खर्च आणि विमा जाऊन 1,95,300 उरतात. नोव्हेंबरात शाळा भरून 1,33,600. डिसेंबरात आयुर्विमा भरून 79,900, आणि तिथे गाडीचं कर्ज संपतं. जानेवारीत 36,500 जाऊन 43,400. भिशीचे हप्ते थांबले म्हणून फेब्रुवारीत 31,500, आणि शिल्लक 11,900. मार्चचा घराचा हप्ता निघत नाही. दहा नव्हे, पाच महिने.

घाबरू नकोस, कारण यात येणारे पैसे अजून घातलेले नाहीत. ग्रॅच्युइटी तू मोजलीच नव्हतीस. सहा वर्षं झाली, बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 26,000. त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं, म्हणजे वर्षाला 15,000, सहा वर्षांचे 90,000. कायद्याने 30 दिवसांत द्यायला हवेत, पण 31 ऑगस्टला नोकरी सुटली आणि आज 28 सप्टेंबर आहे, म्हणून मी नोव्हेंबरात धरते. ग्रॅच्युइटीचा अर्ज भरून दिलास का? दिला नसशील तर उद्याच दे आणि पोच घे. ते आले की पाचाचे सात महिने होतात, एप्रिलअखेरपर्यंत. त्यात भिशी आणि सौहार्दची ठेवही वेळेवर आली तर एक वर्षाच्या पुढे जाता.

म्हणून तुझ्याजवळ एक आकडा नको, तीन हवेत: पाच, सात आणि वर्षापुढचा. कुणी विचारलं तर कोणताही सांग, पण घरात निर्णय पाचावर घ्यायचे. आणि दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्यक्ष शिल्लक माझ्या आकड्याशेजारी लिही. नोव्हेंबरअखेर 1,33,600 च्या ऐवजी 1,15,000 दिसले, तर कुठलातरी खर्च तुम्ही दोघांनी मला सांगितलेला नाही.

किराणा कमी करण्यावर फार झुरू नका. घरखर्चाचा दहावा भाग वाचवलात तर महिन्याला 1,800, पाच महिन्यांत 9,000. त्यात जेमतेम एक आठवडा वाढतो, आणि घरात भांडण मात्र रोज. खरं वजन हप्त्यांचं आहे.

घराच्या हप्त्याबद्दल तू फोनवर म्हणालास, बँकेकडून मुदत वाढवून घेतो. मीही मांडून पाहिलं. बाकी 16 लाख, दर 8.75 टक्के, आत्ताच्या हप्त्याने साधारण साडेबारा वर्षं. ती अठरा केलीस तर हप्ता 14,700 च्या आसपास येतो. वाचले 2,800. पाच महिन्यांत 14,000, म्हणजे अर्धा महिनासुद्धा नाही, आणि पूर्ण मुदतीपर्यंत नेलंस तर जवळजवळ साडेपाच लाख जास्त व्याज. बदलत्या दराच्या गृहकर्जावर आधी फेडण्याचा दंड नाही, त्यामुळे पुढे नोकरी लागली की मुदत परत कमी करता येते. तरी हा उपाय पहिला नको. उलटा सल्लाही कुणीतरी देईल, ठेव मोडून कर्जात भर म्हणून. तसं केलं की बँक बहुधा मुदत कमी करते, हप्ता तेवढाच राहतो, आणि लाख दीड लाख भिंतीत गेले. सध्या नको.

बँकेकडे जायचं ते कधी, हे मात्र आत्ताच ठरव. हप्ता चुकल्यावर नाही. एक दिवस उशीर झाला तरी खातं त्यांच्याकडे थकीत म्हणून दिसायला लागतं, 90 दिवस ओलांडले की अनुत्पादक. त्यानंतर मॅनेजर चांगला असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. स्वच्छ खातं घेऊन गेलेल्या माणसाशी वेगळं बोललं जातं, हे मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे. ग्रॅच्युइटी आली नाही तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जा, तेव्हा दोन हप्त्यांपेक्षा जास्त शिल्लक असेल. आली तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात. क्रेडिट कार्डावर किराणा घालून किमान रक्कम भरत राहायचं, हा रस्ता बंद समज. तिथे व्याज वर्षाला 36 टक्के आणि वर.

पीएफ मी कुठेच धरला नाही. तो शेवटचा.

पगाराची अपेक्षा कधी खाली आणायची, हेही याच आकड्यांवरून ठरतं. डिसेंबरपर्यंत तुझ्या जुन्या पगाराच्या जागा बघ. निपाणी, कोल्हापूर, हुबळीकडेही बघ. जानेवारी लागला की 24,000 ची मिळाली तरी घे, कारण भिशी आणि गाडी संपल्यावर तुझी तूट 31,500 ची असते, आणि 24,000 आले तर ती 7,500 वर येते. मग त्याच 43,400 मध्ये मेच्या शाळेच्या हप्त्यापर्यंत पोहोचता.

रविवारी सकाळच्या बसने या. सौहार्दची पावती, पिग्मीचं कार्ड आणि शाळेचं फीचं पत्रक घेऊन ये. 22,000 मी तुझ्या तोंडून ऐकलेत, त्यात बसची फी आहे की नाही ते बघायचं आहे. स्वातीलाही आण, तिचे शिवणाचे आकडे तिच्या वहीतून घेऊ.

तुझी,
आई